संचालकपदाचा राजीनामा : तारीख आणि सुपूर्दगी

आपल्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळांच्या पेढ्या आता प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या झाल्या आहेत. पाटी बदलली, हिशेबाची पद्धत बदलली. परंतु घरातील माणसांचे परस्परांशी वागणे पूर्वीच्या पेढीसारखेच राहिले. त्यामुळे एखाद्या भावाला कंपनीतून बाजूला व्हावयाचे असेल तेव्हा पेढीतील रीतच आठवते. दिवाळीला चोपड्या बंद करावयाच्या, येणेदेणे समजून घ्यावयाचे आणि ‘गेल्या पाडव्यापासून माझा संबंध संपला’ असे चारचौघांत सांगून मोकळे व्हावयाचे.

पेढीच्या बाबतीतही कायदा इतका सैल नव्हता. १९३२ च्या भागीदारी अधिनियमाप्रमाणे भागीदाराला निवृत्त व्हावयाचे तर इतर सर्वांची संमती, किंवा करारातील तरतूद, किंवा भागीदारी स्वेच्छेची असल्यास इतर भागीदारांना लेखी सूचना आवश्यक असते. आणि जाहीर सूचना दिली नाही तर पेढीशी व्यवहार करणारे लोक त्याला पुढेही जबाबदार धरू शकतात. कंपनीचा मार्ग याहून वेगळा आहे. तेथे इतरांची संमती लागत नाही. मात्र कागद आणि तारीख यांना फार महत्त्व असते. प्रस्तुत लेखात संचालकाच्या राजीनाम्याचे पत्र कसे लिहावे, ते कोणत्या दिवसापासून लागू होते आणि त्याबरोबर कोणती कामे कोणाच्या हाती द्यावीत, एवढ्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

कायदा काय म्हणतो

१९५६ च्या कंपनी अधिनियमात संचालकाने राजीनामा कसा द्यावा याविषयी स्वतंत्र कलम नव्हते. कंपनीची नियमावली आणि न्यायालयांचे निर्णय यांवर काम चालत असे, आणि मंडळाने राजीनामा मंजूर केल्याखेरीज तो पुरा होतो की नाही, यावर वाद होत. १ एप्रिल २०१४ पासून २०१३ च्या अधिनियमाचे कलम १६८ अमलात आले आणि हा प्रश्न पुष्कळसा सुटला. या कलमाचे सार असे : संचालकाने कंपनीला लेखी सूचना द्यावी; मंडळाने तिची नोंद घ्यावी; कंपनीने निबंधकास कळवावे आणि पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावयाच्या अहवालात तो उल्लेख करावा. राजीनामा अमलात येण्याचा दिवस म्हणजे कंपनीला सूचना मिळाल्याचा दिवस किंवा सूचनेत लिहिलेला दिवस, यांपैकी जो नंतरचा असेल तो.

येथे ‘मंजुरी’ हा शब्द नाही, ‘नोंद’ हा शब्द आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. नोकर आपल्या मालकाकडे सुटका मागतो, तशी ही विनंती नव्हे. म्हणून ‘माझा राजीनामा मंजूर करून मला मुक्त करावे’ हे आपल्याकडे रूढ झालेले वाक्य पत्रात घालू नये. त्या वाक्यामुळे मंडळ पत्र दप्तरात ठेवून ‘आम्ही अजून मंजूर केले नाही’ असे म्हणू लागते आणि नसलेला वाद उत्पन्न होतो.

दुसरी गोष्ट मागच्या तारखेची. ‘नंतरचा असेल तो दिवस’ या शब्दांमुळे मागची तारीख निरुपयोगी ठरते. १२ जूनला पत्र लिहून ‘१ एप्रिलपासून राजीनामा’ असे म्हटले, आणि ते कंपनीला १४ जूनला मिळाले, तर राजीनामा १४ जूनचाच. मधल्या अडीच महिन्यांत तो गृहस्थ एकही दिवस दुकानी आला नसला तरी त्या काळात तो संचालक होताच, आणि त्या काळातील अपराधांची जबाबदारी राजीनाम्यानंतरही त्याच्यावर राहते, असे त्याच कलमात म्हटले आहे.

एक उदाहरण

समजा, बेळगावच्या रविवार पेठेत धान्याची घाऊक खरेदी-विक्री करणारी एक प्रायव्हेट कंपनी आहे. तिचे तीन संचालक : थोरले बंधू, धाकटे बंधू आणि त्यांचे चुलतभाऊ. बँकेचे व कराचे काम धाकटे बंधू पाहतात. धनादेशांवर सही त्यांची किंवा थोरल्यांची चालते. धाकट्या बंधूंना आता स्वतःचा वेगळा व्यवसाय करावयाचा आहे. भांडण काही नाही. त्यांनी लिहावयाचे पत्र पुढीलप्रमाणे असावे.

> दिनांक १२ जून
>
> प्रति,
> मा. संचालक मंडळ,
> ……… प्रायव्हेट लिमिटेड,
> नोंदणीकृत कार्यालय, रविवार पेठ, बेळगाव.
>
> विषय : संचालकपदाचा राजीनामा आणि कामकाजाची सुपूर्दगी.
>
> स. न. वि. वि.
>
> मी, खाली सही करणारा (संचालक ओळख क्रमांक ………), कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १६८ अन्वये या कंपनीच्या संचालकपदाचा राजीनामा या लेखी सूचनेने देत आहे. हा राजीनामा दि. ३० जून रोजी कामकाज बंद होण्याच्या वेळेपासून अमलात येईल.
>
> मला स्वतंत्र व्यवसायाकडे लक्ष द्यावयाचे असल्याने हा निर्णय घेतला आहे. याखेरीज अन्य कारण नाही.
>
> माझ्याकडील बँक, कर व दस्तऐवज यांचे काम मंडळ ज्यांना नेमील त्यांच्या हाती मी दि. ३० जूनपूर्वी देईन. त्याची यादी सोबत जोडली आहे. यादीवर घेणाऱ्याची व देणाऱ्याची सही व्हावी.
>
> कंपनीने माझ्या राजीनाम्याची नोंद घेऊन DIR-12 हे प्रपत्र मुदतीत दाखल करावे व त्याच्या पावतीची प्रत मला द्यावी. बँकेस दिलेल्या माझ्या वैयक्तिक हमीविषयी मी बँकेस स्वतंत्रपणे लिहीत आहे.
>
> या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी.
>
> आपला,
> (सही)
>
> सोबत : सुपूर्दगीची यादी.

पत्रात एवढेच असावे. कारण एका वाक्यात दिले आहे, आणि ते खरे असावे. कारणे विस्ताराने निबंधकास कळविणे हे २०१८ पासून संचालकाच्या इच्छेवर आहे. तत्पूर्वी ते बंधनकारक होते. मात्र कंपनीत काही गैर घडत असल्यामुळे कोणी बाहेर पडत असेल, तर त्याने ‘वैयक्तिक कारण’ असे लिहून मोकळे होऊ नये. पुढे चौकशी झाली तर आपण काय पाहिले आणि केव्हा सांगितले, याचा पुरावा त्याच्याकडे असलेला बरा.

पत्राची भाषा कोणती असावी हे या कलमात सांगितलेले नाही. परंतु बेळगावच्या कंपनीचे कागद बंगळूरच्या निबंधकाकडे जातात; म्हणून मराठी पत्राबरोबर इंग्रजी भाषांतर जोडणे सोयीचे पडते.

तारखांचा हिशेब

आपल्या उदाहरणात पत्र १२ जूनला लिहिले, १४ जूनला कार्यालयात दिले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व सही घेतली. पत्रात ३० जून ही तारीख आहे. ती १४ जूनच्या नंतरची असल्यामुळे राजीनामा ३० जूनला लागू झाला. हेच पत्र कपाटात राहून ३ जुलैला कंपनीला मिळाले असते, तर राजीनामा ३ जुलैचा ठरला असता. म्हणून पोच ही शिष्टाचाराची गोष्ट नसून राजीनाम्याचा आधार आहे. पोच मिळण्यासारखी नसेल तर नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे, आणि त्याच दिवशी कंपनीच्या नोंदविलेल्या ई-मेलवरही पाठवावे. घरच्या जेवणाच्या वेळी थोरल्या बंधूंच्या हाती दिलेला कागद कंपनीला मिळाला हे पुढे सिद्ध करणे कठीण जाते.

निबंधकास कळविण्याची मुदत नियमाप्रमाणे कंपनीला सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांची आहे. १४ जूनपासून मोजता ती १४ जुलैला संपते. राजीनामा ३० जूनला लागू होणार; म्हणजे प्रपत्र भरण्यास १ ते १४ जुलै एवढे दिवस हाती राहतात. पत्रात तीन-चार महिन्यांनंतरची तारीख टाकली तर राजीनामा लागू होण्यापूर्वीच तीस दिवस उलटून जातात आणि घोटाळा होतो. यास्तव सूचना मिळण्याचा दिवस आणि अमलाचा दिवस यांत तीस दिवसांहून कमी अंतर ठेवावे. दोन-तीन आठवडे हे अंतर योग्य. तेवढ्यात मंडळाची सभाही होऊ शकते, कारण सभेची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते.

ही सभा, समजा २३ जूनला, राजीनामा लागू होण्यापूर्वी व्हावी यात मोठे व्यावहारिक कारण आहे. त्या सभेत तीन ठराव करून घ्यावेत : राजीनाम्याची नोंद, ३० जूननंतर बँकेत सही कोणी करावयाची याचा ठराव, आणि जी. एस. टी. वगैरे कामांसाठी नव्या अधिकृत सहीकर्त्याची नेमणूक. जाणारे संचालक तोवर पदावर असल्याने बँकेच्या कागदांवर जुन्या आणि नव्या, दोघांच्याही सह्या होऊ शकतात. १ जुलैला बँकेत जाऊन हे काम करू म्हटले तर व्यवहार काही दिवस अडून राहण्याचा संभव असतो.

दोनच संचालक असतील तर

प्रायव्हेट कंपनीस किमान दोन आणि पब्लिक कंपनीस किमान तीन संचालक लागतात. आपल्या उदाहरणात तिघांतून एक गेला तरी दोघे उरतात. परंतु पुष्कळ घरगुती कंपन्यांत मुळातच दोघे असतात. त्यांतील एकाने राजीनामा दिला तर उरलेल्या एकट्याच्याने मंडळाची गणपूर्ती होत नाही. संचालकांची संख्या पुरी करणे किंवा सर्वसाधारण सभा बोलावणे एवढेच त्याला करता येते. शिवाय संख्या किमानाखाली जात असेल तर निबंधकाकडील प्रपत्रही अडते. तेव्हा आधी नव्या संचालकाची लेखी संमती घ्यावी, त्याची नेमणूक करावी आणि मग जुन्याचा राजीनामा लागू व्हावा, हा क्रम पाळावा.

सुपूर्दगीची यादी

‘सर्व कामकाज समजावून दिले’ या एका वाक्याला सुपूर्दगी म्हणत नाहीत. वस्तू, आकडा आणि तारीख यांसह यादी असावी. धाकट्या बंधूंच्या यादीत चार भाग येतील.

पहिला भाग बँकेचा. कोणकोणती खाती, ३० जूनची शिल्लक, हाती असलेली चेकबुके, शेवटी वापरलेल्या धनादेशाचा क्रमांक, कोरे राहिलेले धनादेश. याच भागात पुढील तारखेचे जे धनादेश त्यांच्या सहीने व्यापाऱ्यांना देऊन ठेवले असतील त्यांची नोंद अवश्य हवी. ते शक्यतो परत घेऊन नव्या सहीचे द्यावेत. राजीनाम्यानंतर कंपनीने दिलेल्या धनादेशांबद्दल आधीच पदमुक्त झालेल्या संचालकावर चालविलेला खटला सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केला. त्या प्रकरणात राजीनाम्याची माहिती निबंधकाकडे वेळेवर गेलेली होती, ही गोष्ट उपयोगी पडली. परंतु ज्या धनादेशावर आपलीच सही आहे आणि जो आपण गेल्यानंतर वटावयाचा आहे, त्याच्या बाबतीत असा सरळ बचाव मिळेलच असे नाही.

दुसरा भाग कराचा. कोणत्या महिन्यापर्यंत विवरणपत्रे भरली, कोणता कर देणे आहे, कोणत्या नोटिशीला उत्तर द्यावयाचे राहिले आहे, हे स्पष्ट लिहावे. येथे एक बारीक गोष्ट हमखास विसरली जाते. कर, भविष्य निर्वाह निधी व बँक यांच्या खात्यांना जाणाऱ्या गृहस्थांचाच मोबाइल क्रमांक जोडलेला असतो. तो बदलला नाही तर प्रत्येक वेळी परवलीचा क्रमांक त्यांच्याच दूरध्वनीवर येत राहतो. कंपनीचे काम त्यांच्यावाचून अडते, आणि कागदोपत्री तेच अजून कारभार पाहतात असा देखावा राहतो. जी. एस. टी. नोंदणीतून संचालकाचे नाव कमी करण्याचा अर्ज बदलापासून पंधरा दिवसांत द्यावयाचा असतो.

तिसरा भाग दस्तऐवजांचा : सभावृत्ताच्या वह्या, नोंदवह्या, गोदामाचे मूळ खरेदीखत किंवा भाडेपत्र, बाजार समितीचा परवाना, विम्याची पत्रे. मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हे प्रत्येकापुढे लिहावे.

चौथा भाग आपसातील येण्यादेण्याचा. संचालकाने कंपनीला दिलेले कर्ज, घेतलेली उचल, राहिलेले वेतन, वापरातील मोटार. ३० जूनची बाकी दोन्ही पक्षांनी सही करून मान्य करावी. पदाबरोबर कर्ज फिटत नाही, आणि पदाबरोबर समभागही जात नाहीत. धाकटे बंधू राजीनाम्यानंतरही भागधारक राहतीलच. समभाग द्यावयाचे असतील तर तो स्वतंत्र व्यवहार होय.

एक वस्तू मात्र सुपूर्द करावयाची नाही, आणि ती म्हणजे स्वतःची डिजिटल सही. ती ज्या लहानशा उपकरणात असते ते बहुधा हिशेबनिसाच्या खणात परवलीच्या शब्दासह पडलेले असते. ते ३० जूनला परत घ्यावे. राजीनाम्यानंतरच्या तारखेच्या एखाद्या प्रपत्रावर ती सही उमटली तर खुलासा करण्याची पाळी सहीवाल्यावर येते. संचालक ओळख क्रमांक हाही व्यक्तीचा असतो, कंपनीचा नव्हे; तो राजीनाम्याने संपत नाही.

बँकेची हमी

कॅश क्रेडिटच्या कर्जासाठी संचालकांनी बँकेला वैयक्तिक हमी दिलेली असते. ही हमी म्हणजे बँक आणि ती व्यक्ती यांमधील स्वतंत्र करार होय. कंपनीला दिलेल्या राजीनाम्याने तिला धक्काही लागत नाही. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम १३० प्रमाणे चालू स्वरूपाची हमी पुढील व्यवहारांपुरती ऋणकोस नव्हे तर धनकोस, म्हणजे बँकेस, सूचना देऊन मागे घेता येते. मागील बाकीची जबाबदारी तशीच राहते. शिवाय बँकेच्या छापील हमीपत्रात काही हक्क सोडून दिल्याची वाक्ये असतात. ती वकिलाकडून वाचवून घ्यावीत. बँकेला स्वतंत्र पत्र द्यावे, त्या दिवसाची कर्जबाकी लेखी मागावी, बदली हमीदार सुचवावा, आणि हमीतून मुक्त केल्याचे बँकेचे पत्र हाती येईपर्यंत आपण बांधलेले आहोत असे समजावे. घर तारण दिले असेल तर ही काळजी अधिकच घ्यावी.

कंपनीने कळविले नाही तर

पत्र दिले, पोच घेतली, पण उरलेल्या संचालकांनी DIR-12 भरलेच नाही, असेही घडते. आणि खरी हानी येथेच होते. सतत तीन वर्षे वार्षिक पत्रके न भरणाऱ्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ मध्ये सरकारने या कारणावरून तीन लाखांहून अधिक संचालकांची नावे अपात्र म्हणून जाहीर केली. आपण केव्हाच राजीनामा दिला होता, परंतु कंपनीने तो निबंधकास कळविला नाही, अशी तक्रार घेऊन काहींना त्या वेळी न्यायालयात जावे लागले.

यावर कायद्याने संचालकाच्याच हाती एक उपाय दिला आहे. राजीनाम्यापासून तीस दिवसांत DIR-11 हे प्रपत्र तो स्वतः निबंधकाकडे भरू शकतो. त्याला राजीनाम्याची प्रत, ती पाठविल्याचा पुरावा आणि मिळाली असल्यास पोच जोडावी लागते. ते कंपनीच्या प्रपत्राची जागा घेत नाही. परंतु आपण त्या तारखेला सरकारदरबारी कळविले होते, हा पुरावा कायम राहतो. घरचीच माणसे आहेत म्हणून पुष्कळजण संकोचाने हे प्रपत्र भरत नाहीत. आपल्या उदाहरणातील बंधूंत काही भांडण नसले तरी धाकट्यांनी ते ३० जुलैपूर्वी भरावे. त्यात अविश्वास दाखविल्यासारखे काही नाही. कंपनीच्या बाजूनेही विलंब महाग पडतो, कारण DIR-12 चे शुल्क उशिराच्या मानाने बारा पटीपर्यंत वाढते.

काम पुरे झाले की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणत्याही कंपनीच्या संचालकांची नावे पाहता येतात. जुलै संपताना धाकट्या बंधूंनी तेथे आपल्या कंपनीचे नाव घालून पाहावे. आपले नाव चालू संचालकांत दिसत नसेल तर त्या पृष्ठाची छापील प्रत, पोच असलेले पत्र, सुपूर्दगीची सही झालेली यादी, DIR-12 ची पावती आणि बँकेचे हमीमुक्तीचे पत्र असे पाच कागद एका धारिकेत बांधून घरी ठेवावेत. नाव अजून दिसत असेल तर त्याच दिवशी कंपनीला लेखी स्मरण द्यावे आणि त्याचीही पोच घ्यावी.